तक्रार निवारण समिती: पहिली तक्रार येण्याआधी आणि आल्यानंतर

वाचकाचं पत्र

आमचा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. कायम कामगार १९०, ठेकेदाराचे साठेक आणि ऑफिसात तीसेक जण. युनियन नाही. मी एचआर बघते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तक्रारपेटी लावली. गेल्या वर्षी समितीही केली: अध्यक्ष आमचे साहेब, म्हणजे मालक, आणि सोबत प्लांट हेड व मी. पेटीत आजवर तीन चिठ्ठ्या निघाल्या, दोन कॅन्टीनबद्दल आणि एकीत नुसती शिवीगाळ. समितीकडे एकही तक्रार नाही. साहेब म्हणतात, आपल्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे, तक्रारी येणार कुठून? पण सहा महिन्यांत पेंट शॉपमधली सात चांगली मुलं सोडून गेली आणि जाताना कुणी काही बोललं नाही. आता समिती नव्याने करायची आहे. निनावी तक्रारींसाठी ॲप घ्यावं का? की ज्येष्ठ, मान असलेली माणसं समितीत घेतली तर विश्वास बसेल?

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार,

जाताना मुलं गप्प राहिली यात मला नवल वाटत नाही. शेवटच्या दिवशी माणसाचं फुल अँड फायनल अडकलेलं असतं, अनुभवपत्र तुमच्याच टेबलावरून निघायचं असतं आणि पुढची नोकरी बहुधा याच चाकण-तळेगाव पट्ट्यात असते. तिथले एचआरवाले एकमेकांना फोन करून 'मुलगा कसा आहे' असं विचारतात, हे त्यालाही ठाऊक असतं. मग तो 'घरगुती कारण' एवढं लिहून मोकळा होतो. तक्रार सांगण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते, आणि तेव्हा सांगायला जागा नव्हती.

जागा का नव्हती, हे समितीतल्या तीन नावांवरूनच कळतं. शॉप फ्लोअरवरच्या माणसाच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात: शिफ्ट कुणाला कुठली लागली, ओटी कुणाला मिळाला, रजा का नाकारली, लेट मार्क का पडला, ग्रेड का अडली, सुपरवायझर कसा बोलला. यातला प्रत्येक निर्णय प्लांट हेडच्या हाताखाली होतो, त्याची अंमलबजावणी तुमचा विभाग करतो आणि शेवटचा शब्द साहेबांचा असतो. ज्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची, तेच तिघे समोर बसलेले. ती माणसं कितीही भली असली तरी कामगाराच्या नजरेतून गणित बदलत नाही. म्हणून ज्येष्ठ, मान असलेली माणसं घेण्याने फार फरक पडणार नाही. मान हा व्यवस्थापनाच्या नजरेतला आहे की लाइनवरच्या पोरांच्या, हा प्रश्न तिथेही उरतोच.

ॲपबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वैयक्तिक तक्रार निनावी राहून सुटत नाही. 'माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला' ही तक्रार तपासायची तर कुणाचा, कुठल्या तारखेचा, हे कळावंच लागतं. नाव न कळता तुम्ही पंचचा रेकॉर्ड काढणार कसा, आणि उत्तर कुणाला देणार? उत्तर मिळालं नाही की बाकीच्यांना एवढंच दिसतं की टाकलेली चिठ्ठी गायब झाली. पेटी ठेवायची तर ठेवा, पण सिक्युरिटी केबिनसमोर, कॅमेऱ्याच्या नजरेत नको, आणि तिचा उपयोग विषय कळण्यापुरता समजा. कामगाराला लपून बोलण्याची सोय हवी असते, कारण बोलल्यानंतर काय होईल याची त्याला धास्ती असते. त्या धास्तीचा बंदोबस्त केलात तर नाव सांगून बोलणारी माणसंही निघतात. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी कायद्याची चौकट, कारण इथे ती तुमच्या बाजूने आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी, असं तिचं कलम ४ सांगतं. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने हवेत, एकूण सदस्य दहापेक्षा जास्त नकोत, आणि अध्यक्षपद दर वर्षी आळीपाळीने एकदा व्यवस्थापनाकडे, एकदा कामगारांकडे जायला हवं. म्हणजे तुमची सध्याची तिघांची समिती कायद्याच्या दृष्टीने समितीच नाही. साहेबांना हे सांगताना अवघडून जायचं कारण नाही. उलट नव्याने सुरुवात करायला हे चांगलं निमित्त आहे.

याच कलमात एक तरतूद आहे, ती अनेकांच्या नजरेतून सुटते. निर्णय बहुमताने होतो, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जण त्या निर्णयाच्या बाजूने असावे लागतात. तसं नसेल तर निर्णय झालाच नाही असं धरलं जातं. समजा समिती तीन अधिक तीन अशी सहा जणांची आहे. व्यवस्थापनाचे तिघे आणि कामगारांचा एक, अशी चार मतं पडली तरी तो निर्णय टिकत नाही. कामगारांच्या बाजूचे किमान दोघे हवेत. आता समिती दोन अधिक दोन अशी असेल, तर दोनातल्या निम्म्याहून अधिक म्हणजे दोघेही. एक जण अडला की सगळं अडलं. म्हणून मी तुमच्या आकाराच्या कारखान्याला तीन अधिक तीन सुचवते. सहा जण एका टेबलाभोवती बसतात आणि शिफ्टच्या वेळा सांभाळून एकत्र जमूही शकतात.

महिलांचं प्रमाण कामगारांमधल्या महिलांच्या प्रमाणापेक्षा कमी नको, हीही अट आहे. तुमच्याकडे १९० पैकी ३८ महिला असतील तर ते प्रमाण २० टक्के होतं. सहाचे २० टक्के म्हणजे १.२, तेव्हा एक महिला पुरत नाही, दोन घ्या. त्यातली निदान एक कामगारांमधून निवडून आलेली असावी. एचआरमधल्या बाईंना बसवून संख्या भागवली की असेंब्लीतल्या बायका ते लगेच ओळखतात.

कामगारांचे तीन प्रतिनिधी तुम्ही नेमू नका. युनियन नाही म्हटल्यावर मोह हाच होतो की 'समजूतदार' मुलं आपणच निवडावीत. ती नावं नोटीस बोर्डावर लागली की जेवणाच्या सुट्टीत त्यांना 'एचआरची माणसं' हे नाव पडतं. विभाग तीन गटांत वाटा, प्रत्येक गटातून एक जागा ठेवा आणि साध्या चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान घ्या. तिन्ही शिफ्टना मत देता आलं पाहिजे, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला झोप मोडून यायला लावायचं नाही. मतमोजणी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर करा. एखादा तोंडाळ, प्रत्येक गोष्टीत आडवा लागणारा माणूस निवडून येईल. येऊ द्या. त्याने मान्य केलेल्या निर्णयाला फ्लोअरवर जे वजन असतं, ते तुमच्या पसंतीच्या मुलाच्या सहीला कधीच येणार नाही.

व्यवस्थापनाच्या बाजूने साहेब स्वतः नकोत. त्यांनी आत बसण्यापेक्षा वर राहिलेलं बरं. प्लांट हेडही नको, कारण निम्म्या तक्रारी त्यांच्याच खात्याच्या असतील आणि दर वेळी त्यांना उठून बाहेर जावं लागेल. अकाउंट्स, क्वालिटी, स्टोअर्स यांपैकी दोन विभागांतला एकेक जबाबदार अधिकारी, आणि तिसऱ्या तुम्ही. तुमचं काम नोंदवही ठेवणं, कागद जमवणं आणि मुदती पाळणं. पहिल्या वर्षी अध्यक्षपद कामगार प्रतिनिधीला द्या. पहिलं वर्ष आपल्याकडेच असावं असं साहेबांना वाटेल, पण विश्वास कमवायचा आहे तो याच वर्षी.

आता तक्रार प्रत्यक्ष कशी फिरते ते एका प्रकरणावरून सांगते. रांजणगावच्या एका कारखान्यातलं हे प्रकरण मी जवळून पाहिलं.

पहिली पाळी सातची. खराडीहून कंपनीची बस निघायची, आणि वाघोली, शिक्रापूरच्या वाहतुकीत अडकून आठवड्यातून एक-दोनदा सात वाजून दहा-बारा मिनिटांनी गेटवर पोहोचायची. चेहरा ओळखणारं पंच मशीन सातनंतर लेट मार्क टाकायचं. तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, असा नियम होता. एका मशीन ऑपरेटरचे दोन महिन्यांत १२ लेट मार्क झाले, म्हणजे चार अर्धे दिवस. त्याचा दिवसाचा पगार ७५० रुपये. एकूण १,५०० रुपये गेले. सुपरवायझरचं उत्तर ठरलेलं होतं: मशीन खोटं बोलत नाही.

तो प्रतिनिधीकडे गेला. त्याला लिहायचा कंटाळा, शिवाय लिहिलेलं आपल्यावरच उलटेल ही भीती. प्रतिनिधीने त्याच्या शब्दांत तक्रार लिहिली, त्याला वाचून दाखवली, सही घेतली आणि तिथल्या तिथे तारीख आणि क्रमांक घातलेली पोच दिली. ही पोच फार मोलाची असते. चार ओळींची असली तरी चालते, पण तिच्यावर 'उत्तर अमुक तारखेपर्यंत' हे लिहिलेलं हवं. कायद्याने समितीला ३० दिवस दिलेत. मी १५ लिहायला सांगते.

मग दोन सदस्यांना, प्रत्येक बाजूच्या एकेकाला, कागद गोळा करायला पाठवलं. त्यांनी दोनच गोष्टी काढल्या: त्या १२ दिवसांचा सगळ्या कामगारांचा पंच रेकॉर्ड, आणि सिक्युरिटीच्या गेटवरची वाहनांची वही. पंचमध्ये दिसलं की त्या १२ही दिवशी बसमधल्या सगळ्यांचे पंच चार-पाच मिनिटांच्या आत लागोपाठ पडलेत. वहीत बस आत आल्याची वेळ होती, ती त्याच्या एक-दोन मिनिटं आधीची. एकट्या माणसाचा आळस असता तर असं दिसलं नसतं.

समितीत व्यवस्थापनाच्या एका सदस्याने मुद्दा काढला की नियम तो नियम. तेव्हा दुसऱ्याने हिशेब मांडला. १२ वेळा १२ मिनिटं म्हणजे १४४ मिनिटं, दोन तास चोवीस मिनिटं. आठ तासांचे ७५० रुपये, तर एवढ्या वेळाचे होतात २२५. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते, हे तत्त्व वेतनाच्या कायद्यात १९३६ पासून आहे आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे चूक त्या माणसाची धरली तरी २२५ च्या वर हात लावता येत नव्हता. आणि बस कंपनीची, म्हणून चूक त्याची नव्हतीच. सहाही जणांनी १,५०० रुपये परत द्यायचं ठरवलं. पुढच्या पगारपत्रकात ती रक्कम वेगळ्या ओळीत दिसली. सोबत एक सुधारणाही झाली: गेटच्या वहीत कंपनीची बस उशिरा आल्याची नोंद असेल, तर तिने येणाऱ्यांना लेट मार्क लावायचा नाही, आणि त्या बसमधल्या बाकी सगळ्यांचीही कपात परत करायची.

नोटीस बोर्डावर तीन ओळी लागल्या, कुणाचंही नाव नसलेल्या: तक्रार कशाबद्दल होती, समितीने काय तपासलं, काय ठरलं. कुठल्याही उद्घाटनापेक्षा किंवा पोस्टरपेक्षा त्या तीन ओळींनी जास्त काम केलं. पुढच्या महिन्यात रजेच्या शिल्लक हिशेबाच्या तक्रारी आल्या, नंतर ग्रेडच्या. त्यातल्या काही समितीने फेटाळल्या, पण कारण लिहून. 'नाही' असं उत्तरही कारणासकट हातात पडलं तर लोक पुन्हा येतात. मोघम उत्तर मिळालं की मात्र पाठ फिरवतात.

हे प्रकरण इथेच संपलं नाही, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग खरं तर पुढचाच आहे. आधी त्या ऑपरेटरला महिन्याला साधारण ३० तास ओटी मिळायचा. तक्रारीनंतरच्या महिन्यात तो सहा तासांवर आला. कुणी त्याला रागावलं नाही, मेमो दिला नाही, काही नाही. ओटीचा दर दुप्पट असतो. ज्याच्या घराचा हप्ता ओटीवर चालतो, त्याला याहून मोठी शिक्षा नाही. आपल्याकडे सूड असाच घेतला जातो: ओटी आटतो, नको ती शिफ्ट सलग लागते, गावच्या जत्रेची रजा नेमकी नाकारली जाते, लाइन बदलते. यातलं एकही कृत्य कागदावर चुकीचं दिसत नाही.

त्या समितीने एक साधा नियम केला होता, तो तुम्हीही करा. तक्रार करणाऱ्याचा आणि साक्ष देणाऱ्याचा ओटी, शिफ्ट, रजा आणि बदली यांचा तक्ता पुढचे सहा महिने समिती दर महिन्याला बघणार. त्याच लाइनवरच्या बाकीच्यांच्या सरासरीशी तो ताडायचा. फरक दिसला तर विभागप्रमुखाने लेखी कारण द्यायचं. इथे सुपरवायझरने लिहिलं, ऑर्डर कमी होती. पण त्या महिन्यात लाइनवरच्या बाकीच्यांचा ओटी सरासरी २८ तास होता. प्लांट हेडने पुढच्या महिन्यापासून ओटीची यादी फिरत्या क्रमाने लावायला सांगितली आणि सुपरवायझरला लेखी समज दिली. तक्त्याला तुमची अर्धा तास मेहनत लागेल. निनावी ॲपवर जो खर्च करणार होतात, त्यापेक्षा हा अर्धा तास मला महत्त्वाचा वाटतो.

साहेबांकडून समिती बनण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, पगार, रजा, हजेरी यांच्या दुरुस्तीचे निर्णय समिती ठराविक रकमेपर्यंत, समजा एका प्रकरणात दहा हजारांपर्यंत, स्वतः अमलात आणेल आणि ते पुढच्या पगारात दिसतील. प्रत्येक फाइल त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसली तर लोकांना आठवड्यात कळतं की समिती नावापुरती आहे. दुसरी, एखादा निर्णय त्यांना मान्य नसेल तर ते स्वतःच्या सहीने कारण लिहून कळवतील. त्यांना बहुधा अशी शंका येईल की समिती म्हणजे युनियनला दार उघडून देणं. त्यांना कायद्यातला पुढचा टप्पा दाखवा: समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही किंवा मुदतीत निर्णय झाला नाही, तर कामगार ६० दिवसांत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. त्यामुळे समिती चालली नाही, तर माणूस युनियन शोधायला जाण्याची शक्यता वाढते.

ठेकेदाराच्या साठ माणसांना विसरू नका. कागदावर त्यांचा मालक ठेकेदार, पण ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्यांच्या तक्रारी त्याच नोंदवहीत घ्या, त्याच क्रमांकाने पोच द्या आणि सुनावणीला ठेकेदाराच्या माणसाला बोलवा. त्यातले बरेच जण बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातले असतील, म्हणून पोच आणि उत्तर हिंदीतही हवं. ऑफिसातले अधिकारी, पर्यवेक्षक कायद्याच्या 'कामगार' या व्याख्येत बसतीलच असं नाही. पण कंपनीच्या धोरणाने त्यांनाही हीच वाट मोकळी ठेवायला काही अडसर नाही.

लैंगिक छळाची तक्रार मात्र या समितीने ऐकायची नाही, मध्यस्थीही करायची नाही. ती २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. तिथे अध्यक्ष महिला असते, बाहेरचा सदस्य असतो, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. दोन्ही समित्यांची नावं आणि विषय एकाच फलकावर शेजारी लावा, म्हणजे चुकीच्या दारावर थांबून कुणाचे दिवस वाया जाणार नाहीत. तुमच्या प्रतिनिधींनाही हे पाठ हवं, कारण बाई आधी ओळखीच्या माणसाजवळ बोलते आणि तो म्हणतो, मी बघतो सुपरवायझरशी बोलून. तिथेच घोळ होतो.

पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी वाढल्या की साहेब अस्वस्थ होतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की आकडा वाढणं अपेक्षित आहे. तुम्ही बघायचं ते वेगळं: पोच दिल्यापासून उत्तर द्यायला किती दिवस लागले, एकदा तक्रार केलेला माणूस दुसऱ्यांदा आला का, आणि कुठल्या विभागातून अजून एकही तक्रार नाही. पेंट शॉपचा रकाना सहा महिन्यांनंतरही कोराच असेल, तर तिथल्या प्रतिनिधीला शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं चहाच्या टपरीवर थांबायला सांगा आणि तो वेळ त्याच्या हजेरीत धरा. सोडून गेलेल्या त्या सात जणांनाही, हिशेब मिटून दोन-तीन महिने झाले की, समितीतल्या कामगार प्रतिनिधीमार्फत फोन जाऊ दे. तेव्हा त्यांना तुमच्याकडून काही मिळवायचं उरलेलं नसेल आणि ते मोकळेपणाने बोलतील. त्यातून निघालेले दोन-तीन विषय पहिल्या बैठकीच्या टेबलावर ठेवा.